भोसरीतल्या एका कारखान्याचा लांबलेला पगार : प्रकरण अभ्यास

हे प्रकरण जून २०२३ मधलं. कारखाना ओळखू येऊ नये म्हणून रकमा आणि काही तपशील थोडे बदलले आहेत. तारखांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण सगळा गुंता तारखांचाच होता. मी तिथला नोकरदार नव्हतो. पगाराचा हिशेब, पीएफ आणि ईएसआयची कामं बाहेरून बघणारा सल्लागार होतो, आणि मला बोलावलं तेव्हा पहिली चूक होऊन गेली होती.

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतलं मशीनिंगचं युनिट. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीसाठी ते काम करायचं आणि साठ-पासष्ट टक्के माल तिकडेच जायचा. कंपनीच्या पटावर ५८ माणसं, शिवाय ठेकेदारामार्फत आलेले ९ जण. दोन पाळ्या, गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. दर महिन्याला हातात पडणारा एकूण पगार १२ लाख ४० हजार रुपये. तो ५ तारखेला व्हायचा, आणि मालक अभिमानाने सांगायचे की लॉकडाऊनचे महिने सोडले तर ही तारीख चुकलेली नाही.

ती चुकण्याचं मूळ मे महिन्यात होतं. जीएसटीचं जीएसटीआर-१ विवरण पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरावं लागतं. लेखा विभागात एकच माणूस. तो घरच्या आजारपणामुळे आठवडाभर रजेवर गेला आणि एप्रिलचं विवरण ११ मेऐवजी १९ मे रोजी भरलं गेलं. विलंब शुल्क किरकोळ, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण ११ तारीख हुकली की ती बिलं ग्राहकाच्या त्या महिन्याच्या २बी या, कराची वजावट ज्यावरून मिळते त्या, तक्त्यात दिसत नाहीत. ती थेट पुढच्या तक्त्यात येतात आणि तो निघतो पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला. ग्राहक कंपनीचा नियम असा, की २बी मध्ये न जुळलेलं बिल अख्खं थांबवायचं. काही कंपन्या फक्त कराची रक्कम अडवतात. ही सगळंच अडवायची.

त्यामुळे २ जूनच्या शुक्रवारी यायचे २० लाख ६० हजार रुपये अडकले. बिलं थांबवल्याची ईमेल ग्राहकाकडून २४ मे रोजी आली होती. ही तारीख लक्षात ठेवा.

अडचण

ईमेल लेखा विभागात वाचली गेली, ग्राहकाच्या माणसाला दोन-तीन फोन झाले, "बघतो, करतो" असं उत्तर आलं. ३१ मेपर्यंत मालकांना वाटत होतं की ओळखीने काम होईल. ग्राहकाच्या खरेदी विभागातल्या साहेबांशी त्यांचं चांगलं होतं. पण खरेदीवाल्यांच्या शब्दाने लेखावाल्यांची संगणक प्रणाली हलत नाही, हे २ जूनला संध्याकाळी कळलं. पैसे आले नाहीत.

बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा ४० लाखांची. त्यातली जवळजवळ सगळी वापरलेली, शिल्लक १ लाख ४० हजार. पोलादाच्या व्यापाऱ्याला ६ जूनचा चेक दिलेला. आणि ५ तारीख अडीच दिवसांवर.

पहिला निरोप

शनिवारी ३ जूनला दुपारी कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा निरोप गेला :

"सर्वांना कळविण्यात येते की काही तांत्रिक कारणास्तव या महिन्याच्या पगार प्रक्रियेस विलंब होत आहे. पगार लवकरच जमा होईल. सहकार्य करावे."

तो कुणी लिहिला हे महत्त्वाचं नाही. असा निरोप कुणीही लिहितो, कारण तो लिहायला सोपा असतो. कारण विचाराल तर "तांत्रिक", तारीख विचाराल तर "लवकरच". लिहिणाऱ्याला यातलं काहीच खोटं वाटत नाही.

सोमवारी एक ऑपरेटर पाळी संपल्यावर सरळ बँकेच्या शाखेत गेला. बहुतेकांची खाती तिथेच. खिडकीवरच्या बाईंना त्याने विचारलं, "आमच्या कंपनीच्या पगाराला तुमच्याकडे काय अडचण आहे?" त्यांनी शोधून सांगितलं की कंपनीकडून पगाराची फाइल आलेलीच नाही. रात्रपाळीपर्यंत ते सगळ्यांना माहीत झालं. योगायोग असा, की त्याच आठवड्यात एक जुनं लेथ विकायला बाहेर काढून ताडपत्रीखाली ठेवलं होतं. ते दोन वर्षं बंदच होतं. पण पगार नाही आणि मशीन गेटजवळ, यातून जो अर्थ लागायचा तो लागला. मंगळवारी सहा जण कामावर आले नाहीत. त्यातले दोघे चाकणला मुलाखतीला गेले होते, हे नंतर समजलं.

मोठं नुकसान वेगळंच होतं. गाडीचे, मोबाइलचे, पतसंस्थेचे हप्ते बहुतेकांच्या खात्यातून ५ किंवा ७ तारखेला आपोआप कापले जातात. "लवकरच" वाचून बऱ्याच जणांनी धरून चाललं की एखादा दिवस मागे-पुढे होईल. ५ तारखेला पगार होणार नाही हे त्यांना आधी कळलं असतं, तर कुणी मेहुण्याकडून, कुणी भिशीतून पाच-सात हजार उचलून खात्यात ठेवले असते. ५ तारखेला ११ जणांचे हप्ते परत गेले.

कोणते पर्याय होते

मंगळवारी ६ जूनला सकाळी मी पोहोचलो. मालक, त्यांचे धाकटे भाऊ, लेखापाल आणि मी. पहिला अर्धा तास लेखापालाला कुणी किती बोलायचं यातच गेला. मग कागद घेऊन बसलो.

बँकेकडून मर्यादा तात्पुरती वाढवून घेण्याचा विचार आधी झाला. शाखाधिकारी सभ्य होते, पण कागदपत्रं वरच्या कार्यालयात जाऊन यायला आठ-दहा दिवस लागतील असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अर्ज तरी त्याच दिवशी द्यावा असं ठरलं. बिलं वटवून पैसे उचलण्याचाही विषय निघाला, पण ग्राहकानेच थांबवलेलं बिल कोण वटवणार? पोलादाच्या व्यापाऱ्याला चेक आठ दिवस भरू नका म्हणून विनंती केली. ते तयार झाले, मात्र पुढचा माल रोखीने देईन म्हणाले.

राहिला मालकांचा स्वतःचा पैसा. पाच लाखांची एक मुदत ठेव होती. ती न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घेतला तर साडेचार लाख त्याच दिवशी मिळत होते. हे सुचवायला मला थोडं धाडस करावं लागलं. मालक पाचेक मिनिटं काही बोलले नाहीत. मग भावाला म्हणाले, "पावती घरी कपाटात आहे, घेऊन ये."

साडेचार लाख ठेवीवरचे, १ लाख ४० हजार कॅश क्रेडिटमधले आणि एका छोट्या ग्राहकाकडून ५ तारखेला आलेले २ लाख १० हजार. एकूण आठ लाख. लागणार होते १२ लाख ४० हजार.

आठ लाख कसे वाटायचे

सगळ्यात जास्त वाद यावर झाला. मालकांचं म्हणणं होतं, सगळ्यांना सारखे, म्हणजे प्रत्येकाला सुमारे ६५ टक्के द्या. कुणी म्हणायला नको की त्याला दिले आणि मला नाही.

मी याच्या विरोधात होतो. वेतन देण्याच्या १९३६ च्या कायद्याप्रमाणे हजारापेक्षा कमी माणसं असलेल्या कारखान्याने मजुरी पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायची होती, आणि तो कायदा तेव्हा महिना २४ हजारांपर्यंतच्या वेतनाला लागू होता. (पुढे चारही श्रमसंहिता आल्या. नवीन प्रकरणात तो मजकूर वेगळा तपासावा लागेल.) आमच्याकडे असे ४१ जण होते आणि त्यांचा एकूण पगार ६ लाख ८० हजार. सगळ्यांना ६५ टक्के दिले असते तर एक्केचाळीसही जणांच्या बाबतीत कायदा मोडला असता आणि अठ्ठावन्नही घरांत काहीतरी अडलं असतं. एक्केचाळीस जणांना पूर्ण दिले तर १ लाख २० हजार उरत होते. ते उरलेल्या १७ जणांना प्रत्येकी ७ हजार याप्रमाणे उचल म्हणून देता येत होते.

ही बाजू पटली. पण तिची किंमत होती आणि ती मी त्या वेळी कमी धरली. ते १७ म्हणजे सुपरवायझर, प्रोग्रॅमर, गुणवत्ता तपासणारे. ज्यांना बाहेर लगेच नोकरी मिळते तेच हे. त्यांच्यातले एक जण नंतर मला म्हणाले, "आमचे पगार मोठे म्हणून आम्ही थांबायचं. पण आमचे हप्तेही मोठेच आहेत ना, साहेब?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नवी तारीख कशी ठरवली

२बी निघणार १४ जूनला, बुधवारी. ग्राहकाकडची जुळवणी त्यानंतर एक-दोन दिवसांत, आणि त्यांचे पैसे सुटतात शुक्रवारी. म्हणजे सगळं सरळ झालं तर १६ जूनला संध्याकाळी रक्कम आणि १७ ला, शनिवारी, पगार. तो महिन्यातला तिसरा शनिवार, बँक चालू.

मालकांना १६ तारीख सांगायची होती, जितकी जवळची तितकी बरी म्हणून. मी १९, सोमवार म्हटलं. पैसे शुक्रवारी उशिरा आले, मंजुरी देणारे मालक मोबाइलच्या रेंजमध्ये नसले, फाइलमध्ये एखादा खातेक्रमांक चुकला, तर मधले दोन दिवस हाताशी असावेत. पहिली तारीख मोडल्यावर दुसरी सांगायला गेलो असतो तर कुणी ऐकूनही घेतलं नसतं. शिवाय "१७ किंवा १९" असंही सांगायचं नाही. ऐकणारा १७ च लक्षात ठेवतो.

खुलासा

दुसऱ्या दिवशी ७ जून, बुधवार. गुरुवारी सुट्टी. बुधवारी बोललो नसतो तर माणसं सुट्टीभर घरी बसून तर्क करत राहिली असती.

आधी कुणाशी बोलायचं हा प्रश्न होता. फाइल गेली की ४१ फोन वाजणार आणि १७ वाजणार नाहीत. म्हणून साडेबाराला त्या १७ जणांना केबिनमध्ये बोलावून मालकांनी स्वतः सांगितलं, मग दीड वाजता फाइल मंजूर केली. पावणेतीनला, दोन्ही पाळ्या एकत्र असताना, सगळ्यांशी बोलणं झालं. त्यानंतर हा निरोप ग्रुपवर आणि फलकावर, मराठीत आणि हिंदीत :

"शनिवारी आम्ही 'तांत्रिक कारण' असे लिहिले होते. ते बरोबर नव्हते. बँकेची काहीही चूक नाही.

खरे कारण : आपल्या मोठ्या ग्राहकाकडून २ जूनला येणारे पैसे थांबले आहेत. आपल्या कार्यालयाने एप्रिलचे जीएसटी विवरण आठ दिवस उशिरा भरले, म्हणून त्यांनी बिले रोखली. ही कार्यालयाची चूक आहे.

आज ४१ जणांचा पूर्ण पगार जमा केला आहे. १७ जणांना ७,००० रुपये उचल दिली आहे. त्यांची उरलेली रक्कम सोमवार, १९ जून रोजी जमा होईल.

यासाठी काय चालू आहे : ग्राहकाकडे रोज पाठपुरावा, बँकेत वाढीव मर्यादेसाठी अर्ज (६ जून रोजी दिला). शुक्रवार, १६ जून रोजी सायंकाळी ५ वाजता पैसे आले की नाही ते इथेच कळवू.

पगार उशिरा झाल्यामुळे ज्यांचा हप्ता परत गेला, त्यांनी बँकेचा संदेश किंवा पासबुकातील नोंद कार्यालयात दाखवावी. तो दंड कंपनी भरेल. पतसंस्थेला किंवा घरमालकाला दाखवायला पत्र हवे असल्यास मागावे, त्याच दिवशी मिळेल.

गेटजवळचे लेथ दोन वर्षे बंद होते म्हणून विकले आहे. दुसरे कोणतेही मशीन विकायचे नाही."

यातल्या दोन वाक्यांवर बराच वेळ गेला. "कार्यालयाची चूक" लिहायला धाकटे भाऊ तयार नव्हते, ग्राहकावर ढकलू म्हणत होते. पण ग्राहकाचा नियम जुनाच होता, आणि आमच्याच गुणवत्ता विभागातली माणसं त्यांच्या माणसांशी रोज बोलतात. तिसऱ्या दिवशी खरं बाहेर आलं असतं. उलट मालक रागाच्या भरात "लेखापालाची चूक" असं लिहायला निघाले होते, तेही थांबवलं. एकच माणूस, त्याला बदली कुणी ठेवलेला नाही, तो रजेवर गेला तर विवरण राहणार हे कुणाला कळायला हवं होतं?

लेथचं वाक्य एका जुन्या फिटरकाकांनी सुचवलं. सकाळी चहाच्या टपरीवर ते मला म्हणाले, "पगाराचं बोलाल ते बोला, पण त्या ताडपत्रीचं आधी सांगा." आम्हा चौघांनाही ते सुचलं नव्हतं.

बोलणं सहा-सात मिनिटांत आटोपलं. मालक घामाघूम झाले होते, पण चिठ्ठी न वाचता बोलले. मग मागून एकाने विचारलं, "शेठ, १९ ला पण नाय आले तर?"

ते म्हणाले, "येणारच." आणि माझ्याकडे बघितलं.

याची तयारी आम्ही केली नव्हती. १९ ला ग्राहकाचे पैसे नसले तर काय, याचं उत्तर आमच्याकडे अर्धवटच होतं : वाढीव मर्यादा मंजूर झाली तर झाली. खरं तर हेच सांगता आलं असतं, की बँकेचा अर्ज त्यासाठीच आहे, तो मंजूर होईल की नाही हे आज माहीत नाही आणि १६ ला संध्याकाळी दोन्हींचं काय ते सांगतो. "येणारच" म्हटल्यावर पुढे कुणी काही विचारलं नाही. ते पटलं म्हणून नसावं.

परिणाम

दुसऱ्या दिवशी सुट्टी, शुक्रवारी हजेरी नेहमीसारखी. चार जणांनी पत्रं नेली. हप्त्याच्या दंडाच्या १४ नोंदी आल्या, एकूण ६,९०० रुपये. ते जूनच्या पगारात वेगळ्या ओळीत दाखवून दिले.

१४ जूनला २बी निघाला. सहापैकी पाचच बिलं जुळली. सहाव्या बिलाच्या क्रमांकात भरताना एक तिरकी रेघ राहून गेली होती, त्यामुळे ३ लाख २० हजार पुन्हा अडकले. १६ ला दुपारी चारच्या सुमारास १७ लाख ४० हजार आले. पाच वाजता ग्रुपवर एक ओळ गेली : "ग्राहकाचे पैसे आले. उद्या दुपारपर्यंत उरलेला पगार जमा होईल." १७ ला साडेअकराला ४ लाख ४१ हजारांची फाइल मंजूर झाली. सोळा जणांचे पैसे गेले, एकाचा व्यवहार परत आला. त्याने खातं बदलल्याचा अर्ज मेमध्ये दिला होता आणि तो फाइललाच लागून राहिला होता. त्याला १९ ला सकाळी मिळाले. मधले दोन दिवस कामी आले ते असे.

पीएफ आणि ईएसआयचा भरणा १५ तारखेला लहान ग्राहकांच्या वसुलीतून वेळेत झाला. त्यासाठी मालकांनी दोन दिवस स्वतः फोन केले. वाढीव मर्यादा मंजूर झाली २३ जूनला, म्हणजे "१९ ला नाही आले तर" या प्रश्नाचं खरं उत्तर "नाही" असं होतं.

ऑगस्टअखेर दोघे सोडून गेले, दोघेही त्या १७ मधले. गुणवत्ता विभागातल्या मुलीने जाताना मोकळेपणाने सांगितलं की पगार बारा दिवस उशिरा झाल्याचं तिला फारसं वाटलं नाही. शनिवारचा निरोप वाचून तिने बायोडेटा अद्ययावत केला होता, बुधवारचा वाचला तोवर मुलाखत ठरली होती.

वेगळं काय करता आलं असतं

बहुतेक गोष्टी २४ मेच्या आहेत. बिलं रोखल्याची ईमेल त्या दिवशी आली. २बी १४ जूनच्या आधी निघत नाही हे त्या दिवशीही माहीत होतं. ठेवीवरचे पैसे आणि वाढीव मर्यादेचा अर्ज तेव्हाच हाती घेतला असता तर मर्यादा १० जूनच्या आसपास मिळाली असती आणि १७ जणांचा विलंब चार-पाच दिवसांवर आला असता. निदान ३० मेपर्यंत "५ तारखेला पगार होईल अशी खात्री नाही, २ जूनला संध्याकाळी नक्की सांगतो" एवढं सांगितलं असतं, तरी ते ११ हप्ते वाचले असते. मालकांना हे आजही पटत नाही. नक्की माहीत नसताना सांगितलं तर माणसं उगाच घाबरतात, असं त्यांचं मत आहे. माझा अनुभव असा की ती घाबरतात ते ताडपत्री बघून.

सगळ्यात वाईट चूक मात्र माझी. ठेकेदाराची ९ माणसं आम्ही धरलीच नाहीत. ती ग्रुपवर नव्हती आणि पावणेतीनच्या बोलण्याच्या वेळी त्यांना पॅकिंगमध्येच थांबवलं होतं. ठेकेदाराचं बिल आमच्याकडे अडकलेलं, म्हणून त्याने त्यांचा पगार थांबवला, आणि ते कळलं १२ तारखेला, त्यांच्यातला एक जण गावी निघून गेल्यावर. ठेकेदाराने नाही दिलं तर मुख्य मालकाने द्यायचं, हा नियम मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो आहे. आठ लाखांची वाटणी करताना तोच कागदावर नव्हता. त्यांचा १ लाख १५ हजारांचा हिशेब त्या दिवशी मांडला असता, तर १७ जणांची उचल जवळजवळ शून्यावर आली असती, आणि तेव्हा आम्ही काय केलं असतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या आठ जणांना पैसे १७ जूनला मिळाले. गावी गेलेल्याचे ठेकेदाराकडे दिले होते. ते पोहोचल्याची खात्री व्हायला जुलै उजाडला.